तीन पिन की चार पिन? फॅनची चौथी तार काय करते आणि फॅन कुठे, कसा जोडायचा

स्वतःच्या हाताने पहिला कॉम्प्युटर जोडला तेव्हा कॅबिनेटच्या पुढचे दोन फॅन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत सारख्याच जोरात फिरत होते. काम हलकं असो वा जड, आवाज तोच. मला वाटलं फॅनच खराब निघाला. एक बदलून पाहिला, पण नव्याचाही आवाज तसाच. खरं कारण मदरबोर्डच्या बायोसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधल्या, एका ओळीत होतं. फॅनला तीन तारा होत्या आणि बोर्ड चौथ्या तारेवरून हुकूम सोडत बसला होता. तो हुकूम घ्यायला पलीकडे तारच नव्हती.

ही एक गोष्ट नीट समजली की फॅनच्या जोडणीतले बहुतेक घोटाळे आपोआप सुटतात. म्हणून हा लेख त्या चौथ्या तारेभोवतीच लिहिला आहे.

१. आधी हाताशी काय ठेवायचं

- मदरबोर्डचं मॅन्युअल, छापील किंवा पीडीएफ. कोणत्या हेडरवर, म्हणजे बोर्डावरच्या फॅन जोडायच्या पिनांवर, वेग बदलायचा कोणता मोड चालतो हे त्यातच कळतं.
- टॉर्च. हेडर बहुधा कोपऱ्यात असतात आणि बोर्डावरची अक्षरं बारीक असतात.
- फॅनच्या मधल्या स्टिकरवरचे आकडे टिपायला कागद किंवा मोबाइलचा कॅमेरा.
- तारा बांधायला दोन-चार केबल टाय.

कनेक्टर काढण्या-घालण्यापूर्वी कॉम्प्युटर बंद करून पॉवर सप्लायचा मागचा स्विचही बंद करा. हेडरवर 12 व्होल्ट असतात. त्यांचा शॉक बसत नाही, पण कनेक्टर तिरका लागला तर बोर्डाला इजा होऊ शकते.

२. कनेक्टर ओळखा

फॅनचा कनेक्टर म्हणजे शेजारी शेजारी तीन किंवा चार भोकं असलेला छोटा प्लास्टिकचा तुकडा. त्याच्या एका बाजूला दोन उभ्या कडा असतात. बोर्डावरच्या हेडरला मागे प्लास्टिकची एक उभी पट्टी असते आणि ती या दोन कडांमध्ये बसते, त्यामुळे कनेक्टर उलटा लागत नाही. पट्टी पहिल्या तीन पिनांच्याच मागे असते. चौथी पिन तिच्या बाहेर, एकटी उभी असते. मुद्दाम तसं केलं आहे. तीन पिनचा फॅन चार पिनच्या हेडरवर पट्टीला धरून बरोबर बसतो आणि चौथी पिन मोकळी राहते. चार पिनचा फॅन तीन पिनच्या हेडरवर लावला तर त्याचं चौथं भोक हेडरच्या बाहेर लटकत राहतं. दोन्ही जोडण्या चालतात. जोर मात्र लावायचा नाही. कनेक्टर सरळ उतरत नसेल तर बाजू चुकली आहे.

पिनांचा क्रम असा असतो:

- पहिली: ग्राउंड
- दुसरी: 12 व्होल्ट
- तिसरी: वेग कळवणारी तार, म्हणजे टॅकोमीटर
- चौथी: वेग ठरवणारी तार, म्हणजे पीडब्ल्यूएम

जुन्या तीन तारांच्या फॅनमध्ये रंग बहुधा काळा, लाल, पिवळा या क्रमाने येतात. चार तारांच्या फॅनमध्ये काळा, पिवळा, हिरवा, निळा असे येतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण पिवळी तार एकीकडे वेग कळवते आणि दुसरीकडे 12 व्होल्ट आणते. शिवाय आजकाल अनेक फॅनच्या चारही तारा काळ्याच असतात. म्हणून रंगावर जाऊ नका, पट्टीच्या बाजूने पिना मोजा.

आणखी एक सापळा दिव्यांच्या फॅनमध्ये असतो. अशा फॅनमधून दोन केबल निघतात, एक मोटरची आणि एक दिव्यांची. दिव्यांचे कनेक्टरही तीन किंवा चार पिनांचेच असतात. पैकी पूर्ण चार पिनांचा 12 व्होल्टचा असतो. चारपैकी एक जागा रिकामी असलेला तीन पिनांचा 5 व्होल्टचा असतो. 5 व्होल्टचे दिवे 12 व्होल्टवर लागले की जळतात. बोर्डावर शेजारी `FAN` असं लिहिलं असेल तिथेच मोटरची केबल लावायची. `RGB` किंवा `LED` लिहिलेल्या जागेचा मोटरशी संबंध नाही.

३. तिसरी तार सांगते, चौथी ऐकते

फॅनच्या मधल्या गोल भागात कॉइल, चुंबक आणि एक छोटं सर्किट असतं. पाती फिरताना चुंबक सेन्सरसमोरून जातं आणि त्यावरून सर्किटला पाती कुठे आहेत ते कळतं. हेच सर्किट तिसऱ्या तारेवर प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके देतं. बोर्ड ठोके मोजतो, दोनने भागतो आणि मिनिटाचा हिशोब करून आरपीएम दाखवतो. सेकंदाला 40 ठोके आले तर 20 फेरे, म्हणजे मिनिटाला 1200. तीन तारांच्या फॅनमध्ये एवढंच आहे: वीज आत जाते आणि वेगाची खबर बाहेर येते.

अशा फॅनचा वेग कमी करायचा तर बोर्डाला एकच जागा धरता येते, ती म्हणजे वीज. 12 ऐवजी 9 व्होल्ट दिले की फॅन मंदावतो, 7 दिले की आणखी मंदावतो. बायोसमध्ये याला `DC` म्हणतात. अडचण अशी, की त्याच विजेवर फॅनच्या आतलं सर्किटही जगतं. व्होल्टेज फार उतरलं की कॉइलचा जोर कमी पडतोच, पण सेन्सर आणि सर्किटचंही पोट भरत नाही. दुसरा एक उपाय म्हणजे 12 व्होल्ट तसेच ठेवून ते भरभर तोडत-जोडत राहायचे. तिथे वीज तुटल्याच्या प्रत्येक क्षणी सर्किट झोपतं, तिसऱ्या तारेवरचे ठोके अर्धवट येतात आणि वेगाचा आकडा विश्वासाचा राहत नाही. मोटरही गुणगुणायला लागते.

चौथ्या तारेने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वीज कायम पूर्ण 12 व्होल्ट, कधीच न तुटणारी. वेगाचा हुकूम मात्र स्वतंत्र तारेवरून. ही तार मोटरला वीज पुरवत नाही आणि वेगही मोजत नाही. ती फक्त आतल्या सर्किटला सांगते की कॉइलला किती वेळ चालू ठेव.

ते सांगणं कसं, हे जवळून बघण्यासारखं आहे. तारेवर सेकंदाला 25 हजार वेळा चालू-बंद असा संकेत येतो. म्हणजे एक चक्र 40 मायक्रोसेकंदांचं. त्यातले 16 मायक्रोसेकंद संकेत वर आणि 24 खाली असेल तर त्याचा अर्थ 40 टक्के. इंटेलने चार तारांच्या फॅनसाठी जी मानकं प्रसिद्ध केली त्यात हीच 25 किलोहर्ट्झ वारंवारिता आहे आणि 21 ते 28 किलोहर्ट्झपर्यंत सूट आहे. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यामुळे हे चालू-बंद होणं आपल्याला ऐकू येत नाही.

यात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे तार वर कोण धरून ठेवतं. बोर्ड नाही, फॅन स्वतः ती तार आतून वर ओढून ठेवतो. बोर्ड फक्त तिला मधूनमधून खाली ओढतो. त्यामुळे तार तुटली, निसटली किंवा हेडरला चौथी पिनच नसली तर संकेत कायम वर राहतो. फॅनच्या लेखी त्याचा अर्थ 100 टक्के. हुकूम मिळाला नाही तर फॅन थांबत नाही, पूर्ण वेगाने फिरतो. प्रोसेसर तापण्यापेक्षा आवाज झालेला बरा, असा हा हिशोब आहे.

४. कोणता फॅन कुठे लावला तर काय होतं

चार पिनचा फॅन, चार पिनचा हेडर, बायोसमध्ये `PWM`: सगळं जसं हवं तसं.

चार पिनचा फॅन, पण हेडर तीन पिनचा किंवा बायोसमध्ये `DC`: चौथ्या तारेवर हुकूम येत नाही, म्हणून फॅन 100 टक्क्यांवर राहू बघतो आणि त्याचा वेग मिळालेल्या व्होल्टेजवर ठरतो. बहुतेक फॅन असे चालतात. मात्र त्यांचं सर्किट पूर्ण 12 व्होल्ट गृहीत धरून केलेलं असतं, त्यामुळे खालच्या व्होल्टेजला एखादा फॅन अडखळतो. तात्पुरतं चालेल. मुक्काम तिथेच करू नका.

तीन पिनचा फॅन, चार पिनचा हेडर, बायोसमध्ये `DC`: उत्तम. व्होल्टेज बदलतं, वेग बदलतो आणि आरपीएमही दिसतो.

तीन पिनचा फॅन, चार पिनचा हेडर, बायोसमध्ये `PWM`: माझी चूक हीच होती. बोर्ड दुसऱ्या पिनवर पूर्ण 12 व्होल्ट देतो आणि हुकूम चौथ्या पिनवर सोडतो, पण तिथे कोणीच नसतं. काही बिघडत नाही, जळत नाही. फॅन फक्त रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरतो.

प्रोसेसरवरचा फॅन मात्र नेहमी `CPU_FAN` लिहिलेल्या हेडरलाच लावा. तिथे ठोके आले नाहीत तर बोर्ड सुरू होतानाच इशारा देतो. तो फॅन दुसरीकडे लावला आणि उद्या अडकला, तर ही राखण गेली.

५. बायोसमध्ये मोड बघा

बायोसमध्ये फॅनचं पान शोधा. कंपनीप्रमाणे त्याचं नाव बदलतं: `Q-Fan Control`, `Smart Fan`, `Hardware Monitor` असं काहीतरी. तिथे प्रत्येक हेडरचं नाव (`CPU_FAN`, `CHA_FAN1`, `SYS_FAN2` वगैरे), चालू आरपीएम आणि मोडची निवड दिसते: `Auto`, `DC`, `PWM`.

`Auto` वर बोर्ड स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो. एकटा फॅन असेल तर बहुधा बरोबर ओळखतो. एका हेडरवर वेगवेगळे दोन फॅन असले की त्याची फसगत होते. मी आता मोजलेल्या पिनांप्रमाणे मोड हाताने निवडतो. तीन तारा म्हणजे `DC`, चार म्हणजे `PWM`. ज्या हेडरवर मोडची निवडच नसेल, त्याच्याबद्दल मॅन्युअल बघा. काही हेडर फक्त एकाच पद्धतीने वेग बदलू शकतात.

मोड चुकला आहे हे ओळखायची सोपी खूण: टक्केवारी बदला आणि आरपीएमकडे बघा. माझ्याकडे 100 टक्क्यांना 1190 आरपीएम होते. 40 टक्के केले तरी 1185. आकडा हलत नाही, म्हणजे फॅन ठीक आहे, ठोकेही येत आहेत, फक्त हुकूम पोहोचत नाही. मोड `DC` केल्यावर त्याच 40 टक्क्यांना आकडा 470 वर आला आणि खोली शांत झाली.

लिनक्सवर हेच चालू कॉम्प्युटरमध्ये बघता येतं. `lm-sensors` बसवून:

```
sensors
cat /sys/class/hwmon/hwmon2/pwm2_mode
```

`hwmon2` आणि `pwm2` यातले आकडे तुमच्या बोर्डावर वेगळे असतील. `sensors` आरपीएम दाखवतं. दुसऱ्या ओळीचं उत्तर 0 आलं तर हेडर डीसी मोडमध्ये आहे, 1 आलं तर पीडब्ल्यूएममध्ये. सगळ्या बोर्डांच्या चिपवर ही फाइल नसते. नसेल तर बायोसवरच भिस्त ठेवा.

६. तीन पिनच्या फॅनची खालची मर्यादा शोधा

मोड बरोबर केला की काम संपलं असं मला वाटलं होतं. दोन दिवसांनी लक्षात आलं की सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पुढचा एक फॅन फिरतच नाही. नीट बघितलं तर पाती जागच्या जागी थरथरत होती. बोटाने हलकेच ढकललं की फिरायला लागायची.

कारण असं: फिरत्या फॅनला फिरत राहायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्यापेक्षा थांबलेल्याला सुरू व्हायला जास्त लागतं. बेअरिंगचं घर्षण आणि चुंबकाची पकड मोडून पहिला फेरा घ्यायचा असतो. म्हणून दोन्ही आकडे स्वतंत्र शोधावे लागतात. मी असे शोधले:

बायोसमध्ये फॅन हाताने ठरवलेल्या टक्केवारीवर ठेवला आणि 60 पासून खाली आलो. डीसी मोडमध्ये 60 टक्के म्हणजे ढोबळमानाने 7.2 व्होल्ट, आरपीएम 760. 50 टक्क्यांना 6 व्होल्ट, 620. 40 ला 4.8 व्होल्ट, 470. 30 ला आकडा शून्य आणि पाती थांबली. मग तिथून परत वर चढलो. 40 ला पाती थरथरली, पण फिरली नाही. याच टक्क्याला उतरताना ती व्यवस्थित फिरत होती! 45 ला, म्हणजे सुमारे 5.4 व्होल्टला, फॅनने फेरा घेतला. सकाळचं कोडं इथे सुटलं: मी तळ 40 वर ठेवला होता.

आता तळ 50 टक्क्यांवर आहे. सुरू होण्याच्या आकड्यावर पाच टक्के जादा ठेवायचे, कारण धूळ आणि जुनं बेअरिंग हा आकडा हळूहळू वर सरकवतात. दोन्ही फॅन एकाच मॉडेलचे असूनही दुसरा 40 लाच सुरू होत होता. म्हणून शेजाऱ्याचा आकडा उचलू नका, प्रत्येक फॅनची चाचणी वेगळी करा.

चार पिनच्या फॅनला हा त्रास सहसा होत नाही. त्याच्याकडे पूर्ण 12 व्होल्ट हजर असतात आणि सुरुवातीचा धक्का द्यायचं काम त्याचं सर्किट करतं. तिथेही खालची मर्यादा आहे, बहुधा 20 ते 30 टक्क्यांच्या आसपास. त्याखाली काही फॅन किमान वेग धरून ठेवतात, काही पूर्ण थांबतात. कोणता काय करतो हे त्या फॅनच्या माहितीपत्रकात असतं. थांबणारा फॅन प्रोसेसरवर नको.

७. एका हेडरवर दोन फॅन

हेडर कमी पडले की स्प्लिटर येतो, म्हणजे एका हेडरवर अनेक फॅन जोडणारी फांद्यांची केबल. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, करंट. साध्या फॅन हेडरची मर्यादा बहुधा 1 अँपिअर असते, पण मॅन्युअलमध्ये खात्री करा. फॅनच्या स्टिकरवरचे आकडे बेरजेला घ्या. माझ्या फॅनवर 0.18 लिहिलं होतं, दोघांचे 0.36, चिंता नाही. सुरू होताना फॅन थोडा वेळ जास्त ओढतो, म्हणून मर्यादेपर्यंत भरू नका. चार-पाच फॅन असतील तर पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणारा हब घ्या. असा हब बोर्डाकडून फक्त चौथ्या तारेचा हुकूम घेतो आणि सगळ्या फॅनना वाटतो.

दुसरी गोष्ट, वेग कळवणारी तिसरी तार. चांगल्या स्प्लिटरच्या एकाच फांदीला सगळ्या पिना असतात, बाकी फांद्यांवर वेग कळवणाऱ्या तारेची जागा रिकामी असते. ती तुटलेली नाही, तशीच हवी. दोन फॅनचे ठोके एका तारेवर मिसळले तर आरपीएम उड्या मारतो किंवा भलताच मोठा दिसतो. याचा दुसरा अर्थ असा, की बोर्डाला एकाच फॅनची खबर मिळते. दुसरा बंद पडला तरी बोर्ड गप्प राहील. महिन्यातून एकदा टॉर्च मारून डोळ्यांनी बघून घ्या.

तिसरी, मिसळण. एका स्प्लिटरवर तीन पिनचा आणि चार पिनचा फॅन एकत्र लावू नका. `PWM` ठेवलं तर तीन पिनचा पूर्ण वेगाने धावतो, `DC` ठेवलं तर चार पिनच्या फॅनला अपुरं व्होल्टेज मिळतं. तीन पिनचे फॅन पीडब्ल्यूएम हबवर लावले तरी तेच, ते कायम पूर्ण वेगाने फिरतील. तीन पिनवाल्यांना एक हेडर, चार पिनवाल्यांना दुसरा, अशी वाटणी करा.

तयार कंपनीच्या कॉम्प्युटरमधला किंवा ग्राफिक्स कार्डावरचा फॅन बदलायचा असेल तर मात्र वरचा पिनांचा क्रम धरून चालू नका. तिथे कनेक्टर लहान किंवा वेगळ्या आकाराचा असतो आणि तारांचा क्रमही बदललेला असू शकतो. जुन्या फॅनच्या कनेक्टरचा जवळून फोटो काढा, कोणती तार कुठे जाते ते टिपा आणि त्याच क्रमाचा फॅन मिळाला तरच लावा.